"काका, पोराच्या पायावरून चाक गेलं": रस्त्यावरचा बनावट अपघात आणि जागेवर मागितलेले पैसे

ट्रॅफिकमधून हळूहळू पुढे सरकताना गाडीच्या मागच्या बाजूला "थप" असा आवाज येतो, आपण दचकून आरशात बघतो तर एक बाईकवाला हात वर करून ओरडतोय, गाडी बाजूला घ्या, पायावरून चाक गेलं. पुढच्या पाच मिनिटांत तीन-चार जण गोळा होतात, त्यातला एक लंगडतोय, एक शिव्या देतोय आणि एक जण अगदी समजूतदारपणे म्हणतोय की जाऊ द्या काका, पोलिसांचं लफडं कशाला वाढवायचं, आपण इथंच मिटवून टाकू. पुण्यात गाडी चालवणाऱ्या बहुतेकांनी हा किस्सा कुणाकडून तरी ऐकलेला असतो, पण त्यात नक्की काय घडतं आणि त्या क्षणी काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही. सल्ले मिळतात ते दोनच, एक म्हणजे "थांबायचंच नाही, सरळ निघायचं" आणि दुसरा म्हणजे "दे दोन-तीन हजार आणि मोकळा हो". दोन्ही चुकीचे आहेत. का ते बघू.

आधी या बनावाची रचना समजून घ्या, कारण ती एकदा कळली की निम्मी भीती तिथंच जाते. याचे प्रकार बरेच आहेत, कुणी आरशाला हात मारून आरसा लागल्याचं सांगतं, कुणी फुटलेला मोबाईल दाखवून म्हणतं तुमच्या धक्क्याने पडला, कुणी रिव्हर्स घेणाऱ्या गाडीच्या मागे मुद्दाम येऊन पडतं. पण मी इथं पायावाला प्रकारच घेतो. तो सगळ्यात जास्त चालतो, कारण त्यात माणसाला लागल्याचा दावा असतो, आणि माणसाला लागलंय म्हटलं की चांगला माणूस आपसूक मऊ पडतो. वस्तू फुटली असती तर आपण वाद घातला असता, पाय म्हटल्यावर वाद घालायलाही लाज वाटते. नेमकी तीच लाज यांना हवी असते.

समजा, एक सहासष्ट वर्षांचे काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले, राखाडी वॅगन आर, गाडीत एकटेच. संध्याकाळी सव्वाआठ वाजता वारज्याच्या बाजूने हायवेलगतच्या सर्व्हिस रोडवरून चांदणी चौकाकडे निघालेत. गर्दी आहे, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच. मागून थप आवाज येतो. मग डाव्या बाजूने बाईकवर दोघं येतात, मागे बसलेला काचेवर थापा मारतो, "ओ काका, आंधळे आहात का, पाय गेला ना पोराचा." काका घाबरतात. बाईकवाला पुढे जाऊन डावीकडच्या एका गल्लीकडे हात करतो, इकडे घ्या, इकडे घ्या, मागे ट्रॅफिक तुंबतंय.

पहिली गोष्ट इथंच लक्षात घ्या, थांबायची जागा ते ठरवतायत. गल्लीत दिवे कमी, दुकानं नाहीत आणि कॅमेरेही नाहीत. ट्रॅफिक तुंबायचं कारण इतकं पटण्यासारखं असतं की आपल्याला ते सभ्यपणाच वाटतो. दुसरी गोष्ट, आवाज. तळहाताने पत्र्यावर मारलं की मोठा, पोकळ, एकदाच थप असा आवाज येतो, आतून तो खूप मोठा वाटतो कारण दाराचा पत्रा ढोलासारखा वाजतो. खरी बाईक घासली तर बहुतेक वेळा खरडल्याचा आवाज येतो आणि पायावरून चाक गेलं तर आवाज फारसा नसतोच, असतो तो माणसाचा ओरडा. पण ही गोष्ट फक्त मनात शंका यायला पुरेशी आहे, निकाल द्यायला नाही, कारण बाईकवर मागे बसलेला माणूस खरंच पडलाही असू शकतो आणि तुम्ही आतून बघितलेलं नसतं.

आता समजा काका त्या गल्लीत वळले. पुढचं सगळं वाटून दिलेलं असतं. एक जण लंगडणारा, तो फार बोलत नाही, नुसता पाय धरून कण्हतो. दुसरा चिडलेला, मोठ्याने ओरडतो, काकांचा फोटो काढतो, "व्हायरल करतो, म्हातारपणी गाडी कशाला चालवता" वगैरे. त्याचं काम म्हणजे तुम्हाला विचार करू न देणं. आणि मग थोड्या वेळाने येतो तिसरा, जो या दोघांना ओळखत नसल्यासारखा वागतो. तो म्हणतो मी इथलाच आहे, काका, मी समजावतो यांना. हा तिसरा माणूस म्हणजे या प्रकाराचा कणा आहे. चिडलेल्या माणसाला आपण पैसे देत नाही, त्याच्याशी भांडतो. पैसे देतो ते या समजूतदार माणसाच्या शब्दावर, कारण तो आपल्या बाजूचा वाटतो. तोच आकडा काढतो. एक्स-रे, प्लास्टर, पोरगा रोजंदारीवर आहे, महिनाभर घरी बसणार, पंचवीस हजार होतील. काकांचा चेहरा उतरलेला बघून तोच आकडा खाली आणतो, पंधरा, मग बारा. बारा ऐकून काकांना वाटतं तेरा हजार वाचले. मग खिशात तीन हजार निघतात, उरलेले नऊ जवळच्या एटीएममधून नाहीतर फोनवरून. आणि हे सगळं मिनिटांत होतं, कारण वेळ गेला की काका मुलाला फोन करणार आणि मुलगा म्हणणार, बाबा, थांबा, मी येतो.

आता एक साधी गोष्ट सांगतो, ज्यावर हा सगळा लेख उभा आहे. रस्त्यावर उभं राहून हा खरा की खोटा ते ओळखायची तुम्हाला गरजच नाही. लोक तिथंच अडकतात, पायाकडे बघत बसतात, सूज आहे का, लंगडतोय तो कधी डावा कधी उजवा पाय धरतोय का, मोबाईलच्या तड्यांमध्ये जुनी धूळ आहे का. हे दिसलं तर बरंच, मनाला आधार मिळतो. पण तुमचं वागणं त्यावर अवलंबून ठेवू नका, कारण अंदाज चुकला तर एकतर तुम्ही लुटले जाता नाहीतर खरोखर जखमी माणसाला रस्त्यात सोडून जाता. त्यापेक्षा असं वागा की समोरचा खरा असेल तर त्याचं भलं होईल आणि खोटा असेल तर त्याचा डाव आपोआप मोडेल. असं वागणं एकच आहे, अॅम्ब्युलन्स, पोलीस आणि इन्शुरन्स. खऱ्या जखमीला या तिन्हींची गरज असते. खोट्याला या तिन्हींपासून लांब राहायचं असतं. म्हणून तुम्ही हे तीन शब्द उच्चारले की समोरून काय उत्तर येतं त्यावरून बरंच काही कळतं, आणि नाही कळलं तरी तुमचं काही चुकत नाही.

मग काकांनी काय करायला हवं होतं? पळायला नको होतं, हे आधी. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 सांगतं की अपघातात कुणाला लागलं किंवा कुणाच्या वस्तूचं नुकसान झालं तर ड्रायव्हरने जखमीला उपचार मिळतील याची शक्य ती सगळी व्यवस्था करायची, पोलिसांना माहिती द्यायची आणि तिथे पोलीस नसतील तर लवकरात लवकर, फार तर 24 तासांच्या आत, जवळच्या पोलीस स्टेशनला जाऊन कळवायचं, शिवाय इन्शुरन्स कंपनीलाही. म्हणजे "थांबायचंच नाही" हा सल्ला खऱ्या अपघातात तुम्हालाच गोत्यात आणतो. आणि हे टोळीवाल्यांनाही माहिती असतं, त्यांच्या धमकीत "पळालात तर हिट अँड रन लावू" हे वाक्य असतंच. पण त्याच कलमात एक अपवाद लिहिलेला आहे जो फार कमी लोकांना माहितीये, जमावाचा राग किंवा आपल्या हाताबाहेरचं दुसरं कारण असेल तर जागेवर थांबून जखमीची मदत करण्याचं बंधन तितकं कडक राहत नाही. पोलिसांना कळवायचं मात्र राहतंच. थोडक्यात कायदा तुम्हाला हे सांगत नाही की कुणी गल्लीकडे बोट दाखवलं म्हणून त्याच गल्लीत वळा.

म्हणून काकांनी काच वर ठेवावी, दारं लॉक करावीत, हझार्ड लाईट लावावेत, जो पाहतोय त्याला दिसेल असं हाताने पुढे चला म्हणून खुणवावं आणि सावकाश, अगदी सावकाश, जवळच्या उजेडाच्या गर्दीच्या जागेपर्यंत जावं. पेट्रोल पंप सगळ्यात उत्तम, तिथे कॅमेरे असतात, माणसं असतात आणि रात्रीही चालू असतो. नाहीतर ट्रॅफिक पोलीस असलेला चौक, पोलीस चौकी, हॉस्पिटलचं गेट. आणि हे जाताना फोन स्पीकरवर टाकून 112 लावायचा. हा फोन तुम्ही पळत नाही याचा पुरावा आहे, कॉलची वेळ नोंदली जाते. सांगायचं काय तर इतकंच: "मी वारज्याहून चांदणी चौकाकडे सर्व्हिस रोडवर आहे, दोन जण म्हणतायत माझ्या गाडीने एकाला लागलं, मला जागेवर थांबायला सुरक्षित वाटत नाहीये म्हणून मी पुढच्या पेट्रोल पंपावर थांबतोय, तिथे पोलीस पाठवा, अॅम्ब्युलन्सही लागेल." गाडीचा नंबर, त्यांच्या बाईकचा दिसला तर नंबर, तुमचं नाव. बस्स. चालत्या गाडीत नंबर दाबायची धडपड करू नका. शेजारी कुणी असेल तर त्याला लावायला सांगा, एकटे असाल तर सिग्नलला किंवा गाडी पूर्ण थांबल्यावर.

यात एक बारीक फरक आहे तो चुकवू नका. समोर खरोखर कुणी रस्त्यावर पडलेलं दिसतंय, रक्त दिसतंय, बाईक आडवी झालीये, तर पेट्रोल पंप वगैरे विसरा, गाडी थांबवा आणि 108 लावा. मी वर लिहिलेलं आहे ते अशा वेळेसाठी जेव्हा कुणी पडलेलं दिसत नाही, "जखमी" माणूस बाईकवर बसून तुमचा पाठलाग करतोय आणि तुम्हाला कुठे थांबायचं ते सांगतोय. ज्याच्या पायावरून आत्ताच हजार किलोच्या आसपासच्या गाडीचं चाक गेलंय तो माणूस दोन मिनिटांनी बाईकवर मागे बसून काच ठोकत नाही, सहसा.

पेट्रोल पंपावर पोचलात. इंजिन चालू ठेवा, किल्ली काढून बाहेर येऊ नका. खाली उतरला की पहिली गोष्ट किल्लीवर हात टाकतात, हे जुनं आहे, आणि किल्ली त्यांच्या हातात गेली की तुमचं जाणं त्यांच्या मर्जीवर. काच दोन बोटं उघडा, तेवढ्यातून बोलता येतं. आणि डाव्या बाजूला लक्ष ठेवा, कारण उजवीकडच्या काचेशी एक जण वाद घालत असताना दुसरा डावं दार उघडून सीटवरची बॅग किंवा डॅशबोर्डवरचा फोन उचलून घेऊन जातो. कधीकधी अपघाताचं सगळं नाटक भरपाईसाठी नसतंच, त्या बॅगेसाठी असतं. म्हणून लॉक. नवीन गाड्यांमध्ये चालू झाल्यावर आपोआप लॉक लागतं, पण ड्रायव्हरने आतून हँडल ओढलं की काही गाड्यांत सगळीच दारं उघडतात, आपल्या गाडीत काय होतं ते एकदा घरी बघून ठेवा.

बोलायचं काय? लांबलचक बोलू नका आणि चूक कुणाची यावर तर अजिबात नाही. "माझी चूक झाली" असं म्हणू नका, पण "तुम्ही फ्रॉड आहात" असंही म्हणू नका. खोटा असेल तर चिडून हात उचलेल, खरा असेल तर तुम्ही एका जखमी माणसाला चोर म्हणालात. तुमचं वाक्य एकच, शांतपणे, तेच तेच: "दादा, तुम्हाला लागलंय ना, मी 108 बोलावलीये, पोलिसांनाही कळवलंय, येतायत. डॉक्टरांनी बघू दे, जे काही असेल ते इन्शुरन्समधून देऊ." समोरचा मराठी समजत नसेल तर हिंदीतून हेच. तो म्हणेल अॅम्ब्युलन्स नको, पोलीस नको, मला वेळ नाही. तुम्ही पुन्हा तेच. तो म्हणेल मग पाच हजार द्या आणि विषय संपवा. तुम्ही पुन्हा तेच. असं दोन-चारदा झालं की बनाव करणारे साधारण निघूनच जातात, कधी शिव्या देत, कधी "बघून घेतो" म्हणत. जाऊ द्या. बाईकचा नंबर आणि चेहरे लक्षात ठेवा, जमलं तर आतून फोटो काढा. फोन समोर धरून शूटिंग करतोय हे दाखवून त्यांना भडकवायची गरज नाही, त्यात फोन हिसकावला जातो.

आणि गर्दी? गर्दी पुण्याची असो की कुठली, तिचं एक गणित ठरलेलं असतं, मोठ्या गाडीचीच चूक. तिला दोष द्यायचाही अर्थ नाही, त्यांनी काही बघितलेलं नसतं, लंगडणारा माणूस दिसतो आणि चकचकीत गाडी दिसते. म्हणून गर्दीला पटवायला जाऊ नका. पण पंपावरच्या एका माणसाला नाव विचारून ठेवा, "भाऊ, पोलीस येईपर्यंत थांबाल का." एक साक्षीदार वीस बघ्यांपेक्षा उपयोगाचा.

आता पैशाकडे येऊ, कारण इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं की दोन हजार दिले म्हणजे मिटलं. मिटत नाही. रस्त्यावर रोख दिलेल्या पैशाची ना पावती असते ना लिखापढी, समोरच्याचं नावही बऱ्याचदा माहिती नसतं. समजा तो खरा होता आणि उद्या त्याने तक्रार दिली, तर तुम्ही पैसे दिले होते हे तुम्ही कसं सांगणार, आणि सांगितलं तरी त्याचा अर्थ "चूक यांचीच होती म्हणून दिले" असा काढला जाऊ शकतो. शिवाय मोटार इन्शुरन्सच्या पॉलिसीत एक अट छापलेली असते, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. ती बारीक अक्षरातली अट कुणी वाचत नाही, पण ती असते. थर्ड पार्टी इन्शुरन्स सगळ्या गाड्यांना कायद्याने सक्तीचा आहे तो याचसाठी, की तुमच्या गाडीने दुसऱ्याला लागलं तर भरपाई कंपनी देईल, आणि ती किती द्यायची ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल, पंपावरचा समजूतदार माणूस नाही. यात खऱ्या जखमीचाही फायदा आहे. खरंच पाय मोडलेल्या माणसाला बारा हजार ही भरपाईच नाही, उपचार आणि बुडालेली कमाई धरली तर त्याला कितीतरी जास्त मिळायला हवं. एवढ्यासाठी तरी त्याला न्यायाधिकरणाचा रस्ता सांगा.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. रस्त्यावर पैसे मागणारा प्रत्येक माणूस टोळीतला नसतो. बाईकचा इंडिकेटर फुटला, लेग गार्ड वाकला, आणि समोरचा म्हणाला द्या आठशे रुपये, असं रोज होतं, दोघंही घाईत असतात आणि ते दोघांनाही बरं पडतं. नुसता पत्रा-प्लॅस्टिकचं नुकसान आहे, डोळ्यांसमोर दिसतंय, आकडा त्या नुकसानाएवढाच आहे, आणि समोरचा म्हणतोय की हवं तर सोबत गॅरेजला या, तर ते मिटवणं न मिटवणं तुमच्यावर. बनावाची चिन्हं वेगळी असतात: पोलीस-डॉक्टर नको असणं, जागा बदलायची घाई, तुमच्याकडे किती रोकड आहे तसा बदलणारा आकडा, आणि एटीएमपर्यंत सोबत यायची तयारी. एटीएम हा शब्द निघाला की समजा भरपाईचा विषय संपला. कुठल्याही खऱ्या अपघातात कुणी अनोळखी माणूस तुम्हाला एटीएमला नेत नाही.

धमक्यांचं वजनही एकदा तपासून बघू, कारण लोक पैसे देतात ते दयेपेक्षा भीतीने. "केस झाली तर आत जाल, लायसन्स जाईल, वर्षानुवर्षं कोर्ट." नवीन भारतीय न्याय संहितेत, जी 1 जुलै 2024 पासून लागू आहे, निष्काळजीपणे गाडी चालवण्यासाठी कलम 281 आहे आणि त्यात एखाद्याला दुखापत झाली तर 125. साध्या दुखापतीसाठी ही शिक्षा सहा महिन्यांपर्यंत किंवा दंड अशी आहे, आणि हे जामीनपात्र गुन्हे आहेत. म्हणजे खऱ्या अपघातातही, दारू प्यायलेली नसेल, लायसन्स आणि इन्शुरन्स चालू असेल आणि तुम्ही स्वतःहून पोलिसांना बोलावलं असेल, तर "आज रात्री कोठडीत" ही भीती बहुतेक वेळा पोकळ असते. कोर्टाची चक्कर पडू शकते, हे खोटं नाही. पण ती नुसत्या धमकीने पडत नाही, आणि ज्याने बनाव केलाय तो स्वतः पोलीस स्टेशनच्या पायरीवर येऊन तक्रार द्यायची शक्यता फार कमी. उलट बाजूही सांगतो, इन्शुरन्स संपलेला असेल किंवा दोन पेग लावून गाडी चालवत असाल तर तुम्ही या लोकांच्या हातात आयते सापडता, कारण तुम्हालाच पोलीस नको असतात. हे त्यांना वास आल्यासारखं कळतं.

तरीही कधी अशी वेळ येते की गाडी अडवली गेलीये, चार जण आहेत, आसपास कुणी नाही. तिथे बाणेदारपणा दाखवायचा नाही. मागतील ते द्या आणि जिवंत निघा. देताना निवड मिळाली तर फोनवरून दिलेले पैसे रोखीपेक्षा बरे, कारण त्यात समोरच्या खात्याचं नाव, वेळ आणि व्यवहाराचा नंबर राहतो आणि पोलिसांना धागा मिळतो. हातातल्या रोखीचा कुठेच माग राहत नाही. पण निवड मिळावी म्हणून हुज्जत घालू नका. आणि आधीपासून करून ठेवण्यासारखी एक गोष्ट म्हणजे फोनच्या पेमेंटला जोडलेल्या खात्यात फार पैसे न ठेवणं आणि बँकेच्या अॅपमध्ये रोजची मर्यादा कमी करून ठेवणं. दहा हजाराच्या वर गेलंच नाही तर "अजून पंधरा टाका" म्हणणाऱ्याला स्क्रीनच दाखवता येते. घरच्या ज्येष्ठांच्या फोनवर हे आजच करा, ते स्वतः करणार नाहीत, आणि त्यांना हेही सांगा की असं काही झालं तर आधी आपल्याला फोन लावा, आपण ओरडणार नाही. बरेच ज्येष्ठ मुलांना सांगतच नाहीत, मुलगा म्हणेल बाबा आता गाडी चालवायची बंद करा, या भीतीने. तिथेच टोळीवाल्यांचं फावतं.

नंतर काय? पैसे गेले असोत वा वाचले असोत, तक्रार करा, त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी. कुठल्या पोलीस स्टेशनला, हा प्रश्न पुण्यात नेहमी पडतो, कारण 2018 पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं झालंय आणि वाकड-हिंजवडीकडे एकाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवत असेल तर झिरो एफआयआर म्हणा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही पोलीस स्टेशनला देता येते, नंतर ती योग्य हद्दीत पाठवली जाते, आणि एफआयआरची प्रत फिर्याद देणाऱ्याला मोफत मिळते. पैसे भीती घालून काढले असतील तर ती खंडणी, कलम 308. खोटं सांगून फसवून काढले असतील तर फसवणूक, कलम 318. कुठलं लागेल ते पोलीस बघतील, तुम्ही फक्त हकीकत ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने लिहा: वेळ, कुठून कुठे जात होता, आवाज कधी आला, कोण काय बोललं त्यातली दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी, आकडा कितीवरून कितीवर आला, बाईकचा नंबर अर्धा आठवत असला तरी लिहा. "मला फसवलं" या शब्दापेक्षा "पंचवीसवरून बारावर आले आणि एटीएमला चला म्हणाले" हे वाक्य पोलिसांना जास्त कामाचं.

इन्शुरन्स कंपनीलाही एक ईमेल टाका, क्लेम करायचा नसला तरी. नुसतं इतकंच, अमुक वेळेला अशी घटना घडली, मला अपघात झाल्याचं दिसलं नाही, पोलिसांना कळवलं आहे. उद्या कुणी खोटा दावा घेऊन आलाच तर तुमची बाजू आधीपासून नोंदवलेली असते.

शेवटी डॅशकॅमचं. चांगली गोष्ट आहे, पुढचा कॅमेराही बऱ्याचदा बाईकवाला हात करून गल्लीकडे वळवतोय ते पकडतो, आणि मागचा असेल तर थप आवाजाच्या वेळी कोण कुठे होतं तेही. पण लोक हे विसरतात की तो जुनं पुसून नवीन भरत राहतो, कार्ड भरलं की सगळ्यात जुनी क्लिप जाते, आणि तक्रार द्यायला तीन दिवस लावले तोपर्यंत तुमच्या पुराव्यावर तुमच्याच ऑफिसच्या फेऱ्या रेकॉर्ड झालेल्या असतात. म्हणून घटना झाल्याबरोबर ती क्लिप लॉक करा, बहुतेक कॅमेऱ्यांना तसं बटण असतं, आणि घरी गेल्यावर कार्डच काढून ठेवा. क्लिप व्हॉट्सअॅपवर चार ग्रुपात फिरवून मूळ कार्ड परत गाडीत लावू नका, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ कार्ड हातात असलं की ते काम सोपं होतं. डॅशकॅम नसेल तर पेट्रोल पंपाच्या मॅनेजरला त्याच रात्री सांगून ठेवा की आठ ते नऊ दरम्यानचं फुटेज जपून ठेवा, पोलीस मागतील. पंपाचा कॅमेराही काही दिवसांनी स्वतःचं जुनं पुसतोच.